संभाजीनगरात आठवडाभरासाठी स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेताना: अनामत, ओरखडे आणि पेट्रोलचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरला आठवडाभर राहून वेरूळ, अजिंठा, पैठण आणि जमल्यास लोणार पाहायचे ठरवले, की चालकासह गाडी आणि स्वतः चालवायची गाडी या दोन्हींच्या खर्चाची तुलना कोणीही करतो. दुसरा पर्याय बहुधा स्वस्त पडतो. मात्र त्यात ठरलेल्या भाड्याखेरीज आणखी एक रक्कम गुंतलेली असते, ती म्हणजे अनामत. ही अनामत पूर्ण परत मिळणार की त्यातून काही कापले जाणार, हे बहुतेक वेळा गाडी ताब्यात घेतानाच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरून जाते.

आमचा पहिला अनुभव त्याच अर्ध्या तासाच्या घाईचा होता. परभणीहून निघालेली आमची रेल्वे उशिरा पोहोचली, अंधार पडला होता, मुले कंटाळली होती, आणि सिडकोत रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात गाडीभोवती एक चक्कर मारून आम्ही किल्ली घेतली. आठवड्यानंतर सकाळच्या लख्ख उन्हात मालकाने पुढच्या बंपरच्या खालच्या कडेचा लांब ओरखडा दाखवला आणि अनामतीतून ३,५०० रुपये कापले. तो ओरखडा आमच्या हातून झाला होता की आधीचाच होता, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि वाद हरण्याचे कारणही तेच होते. पुढच्या खेपेला तीच सहल आम्ही नीट तयारीने केली. खालचे टप्पे त्या दुसऱ्या खेपेतले आहेत.

आधी नंबरप्लेट पाहा

आपल्याकडे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने द्यायच्या परवानाधारक गाडीची नंबरप्लेट काळी असते आणि तिच्यावरची अक्षरे पिवळी असतात. चालकासह येणाऱ्या टॅक्सीची प्लेट पिवळी असून अक्षरे काळी असतात, तर घरगुती गाडीची प्लेट पांढरी असते. भाड्याच्या स्कूटरलाही काळ्या प्लेटचाच नियम लागू आहे. प्रत्यक्षात मात्र पर्यटनाच्या शहरांत पांढऱ्या प्लेटच्या गाड्याही सर्रास भाड्याने दिल्या जातात आणि देताना हळूच सांगितले जाते, ‘कोणी अडवलं तर मित्राची गाडी आहे म्हणा.’ हे वाक्य ऐकताच तिथून निघावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खासगी गाडीच्या विमापत्रात ती भाड्याने देता येणार नाही अशी अट असते. त्यामुळे अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि दुसऱ्याच्या इजेची भरपाई अखेर मालकाच्या व तुमच्या गळ्यात येऊ शकते. दिवसाला वाचणाऱ्या तीन-चारशे रुपयांसाठी पत्करावी अशी ही जोखीम नाही.

प्लेट ठीक असेल, तर आरसी, विमा, पीयूसी आणि परवाना यांचे फोटो मागून घ्यावेत व विम्याची मुदत तुमच्या परतीच्या तारखेपलीकडे आहे ना, हे तपासावे. आरसीवरच्या चेसिस क्रमांकाचे शेवटचे चार अंकही टिपून ठेवावेत. त्यांचा उपयोग पुढे चलनांच्या वेळी होतो.

अनामत कशी द्यावी

अनामत म्हणून मालक तीन प्रकारच्या गोष्टी मागतात: पैसे, मूळ ओळखपत्र किंवा तुमची स्वतःची दुचाकी आरसीसह. यांपैकी पैसेच द्यावेत. मूळ आधार कार्ड आठवडाभर दुसऱ्याच्या कपाटात ठेवण्याची गरज नाही. ज्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात अशी आधारची झाकलेली प्रत पुरेशी असते. वाहन परवाना तर गाडी चालवताना तुमच्याजवळच हवा. डिजिलॉकरमधला परवाना ग्राह्य धरला जातो हे खरे, तरी मूळ कार्ड गहाण टाकल्यासारखे ठेवले, की परतीच्या वेळी वाद घालण्याची तुमची ताकद संपते, कारण कार्डाशिवाय तुम्हाला गावी परतायचे नसते.

पैसे रोख न देता यूपीआयने द्यावेत. भाडे आणि अनामत यांचे दोन वेगवेगळे व्यवहार करावेत आणि अनामतीच्या व्यवहाराच्या टिपणीत गाडीचा क्रमांक व ‘परत मिळणारी अनामत’ एवढे शब्द लिहावेत. एकाच व्यवहारात २४,००० रुपये गेले, की त्यांतले भाडे किती आणि अनामत किती यावर नंतर दोन मते होऊ शकतात. कार्डवर रक्कम नुसती अडवून ठेवण्याची सोय असेल, तर ती कधी मोकळी होणार हे विचारून घ्यावे.

मग करारनामा वाचावा. तो बहुधा दोन पानांचा असतो आणि सही करणारा तो उभ्या-उभ्याच उलटतो. त्यात चार गोष्टी शोधायच्या असतात. पहिली, अनामत कधी परत मिळेल. दुसरी, ती कोणत्या कारणांनी आणि कोणत्या दराने कापली जाईल. तिसरी, अपघात झाल्यास तुमच्यावर जास्तीत जास्त किती बोजा येईल. आणि चौथी, किलोमीटरची मर्यादा रोजची आहे की एकूण. या चौथ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून आमचे उदाहरण देतो. भाडे दिवसाला २,०००, म्हणजे सात दिवसांचे १४,००० रुपये, अनामत १०,००० रुपये, मर्यादा दिवसाला २०० किलोमीटर आणि त्यापुढे किलोमीटरला १० रुपये असे ठरले होते. आमचे सात दिवसांचे धावणे ७८० किलोमीटर झाले, म्हणजे एकूण १,४०० च्या मर्यादेत अर्ध्याहून थोडेच जास्त. तरीही मर्यादा रोजची धरली असती, तर अजिंठ्याच्या दिवशीचे २१० आणि लोणारच्या दिवशीचे ३०० किलोमीटर मिळून ११० किलोमीटर जास्तीचे ठरले असते आणि १,१०० रुपये कापले गेले असते. आम्ही करारनाम्यावर ‘सात दिवसांत एकूण १,४०० किमी’ असे हाताने लिहून घेतले आणि त्याखाली दोघांच्या सह्या केल्या. त्याच जागी ताब्याची वेळही मिनिटांसह लिहून घेतली: सकाळी १०.२०.

मालक ओरखड्यासाठी विम्याकडे का जात नाही

गाडीला पूर्ण विमा आहे, मग बंपरच्या ओरखड्याचे पैसे माझ्याकडून कशाला, असा प्रश्न ग्राहक हमखास विचारतो. याचे उत्तर विम्याच्या रचनेत आहे. दाव्याच्या रकमेतून सुरुवातीचा ठरावीक भाग मालकालाच सोसावा लागतो. बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांवर साध्या विम्यात ५० टक्के घसारा धरला जातो. शिवाय वर्षभर दावा न केल्यास पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट, जी २० टक्क्यांपासून सुरू होऊन दाव्याविना गेलेल्या वर्षांबरोबर ५० टक्क्यांपर्यंत वाढते, ती एका दाव्याने जाते. त्यामुळे छोट्या नुकसानीसाठी दावा करणे मालकाला परवडतच नाही. अशी नुकसानी भरून काढण्यासाठीच अनामत असते. हे एकदा समजले, की मालकाचा राग येण्याऐवजी दोन गोष्टी आधी ठरवून घेण्याकडे लक्ष जाते. एका पॅनेलच्या डेंटिंग-पेंटिंगचा दर किती धरणार, आणि कापलेल्या रकमेचे गॅरेजचे बिल देणार का? रंग गेला असेल तर त्या पॅनेलला रंग देण्याचा खर्च मागणे रास्त आहे. त्याच ओरखड्यासाठी नव्या बंपरची किंमत मागणे रास्त नाही.

गाडी तपासण्याचा क्रम

तपासणी दिवसाउजेडी आणि कोरड्या गाडीवर करावी. नुकत्याच धुतलेल्या ओल्या गाडीवर बारीक ओरखडे दिसत नाहीत, कारण पाणी त्यांत भरून राहते. धुळीच्या जाड थराखालीही ते लपतात. गाडी ओली असेल तर पुसून घ्यावी, धुळकट असेल तर धुवून पुसायला सांगावे. त्यात दहा मिनिटे जातात, पण आमचे पहिल्या वेळचे ३,५०० रुपये त्या दहा मिनिटांतच वाचले असते.

पुढच्या नंबरप्लेटपासून सुरुवात करून गाडीच्या डाव्या बाजूने मागे जावे आणि उजव्या बाजूने पुढे यावे. मोबाइलवर एकच सलग चित्रीकरण करावे. मधे थांबवलेल्या तुकड्यांपेक्षा सलग चित्रीकरणावर शंका घेणे अवघड असते. सुरुवातीला तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक मोठ्याने बोलावा. पॅनेलकडे समोरून न पाहता कडेने, तिरप्या नजरेने पाहिले, की पोचा लगेच कळतो, कारण त्या ठिकाणी प्रतिबिंब वाकडे होते. वाद ज्या जागांवरून होतात त्या ठरलेल्या आहेत: बंपरची खालची कड, जी गतिरोधकांना घासते, चाकांच्या रिमच्या कडा, आरशांचे बाहेरचे कवच, दारांच्या उघडणाऱ्या कडा, आणि पुढच्या काचेवरचे खड्याचे टिपके. बंपरच्या खालच्या कडेसाठी गुडघ्यावर बसावे लागते. आम्ही पहिल्या वेळी बसलो नव्हतो.

टायरच्या बाजूला फुगा आलेला असेल, तर ती गाडी घेऊच नये, कारण आतले धागे तुटल्याशिवाय फुगा येत नाही आणि असा टायर महामार्गावर फुटू शकतो. टायरवर लांबट चौकटीत चार अंक असतात. २३२१ याचा अर्थ २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. डिकी उघडून स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, हे चित्रीकरणात घ्यावे. यांतली एखादी वस्तू परतीच्या वेळी ‘हरवलेली’ निघते.

मग आत बसावे. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, इशाऱ्याचे सगळे दिवे क्षणभर लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिनच्या चिन्हाचा दिवा किल्ली फिरवताना मुळीच लागला नाही, तर बिघाड लपवण्यासाठी तो बंद केलेला असण्याची शक्यता धरावी. पाच मिनिटे गाडी चालवून पाहावी आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये थोडे जोरात पुढे न्यावे. इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच घसरतो आहे. झिजलेली क्लचप्लेट घाटात तुमच्या हातून जळते आणि तिचा खर्च बंपरच्या रंगापेक्षा कितीतरी मोठा असतो.

तपासणी संपली, की तिथेच उभे राहून चित्रीकरण आणि सापडलेल्या खुणांचे फोटो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवावेत आणि ‘गाडी या अवस्थेत मिळाली’ असा संदेश लिहून त्याचे ‘ठीक’ असे उत्तर येईपर्यंत निघू नये. आमच्या दुसऱ्या गाडीवर सात खुणा सापडल्या. मालक हसून म्हणाला, ‘काका, गाडी विकत घेताय का?’ पण उत्तर त्याने पाठवले. मूळ चित्रीकरण मोबाइलमध्ये वेगळे जपून ठेवावे, कारण पाठवलेल्या प्रतीत बारीक खुणा पुसट होतात.

स्कूटर असेल तर

एकट्यादुकट्याला शहर, बीबी का मकबरा, दौलताबाद आणि वेरूळपुरती स्कूटर उत्तम आहे. अजिंठा एका बाजूने सुमारे १०० किलोमीटर असल्याने दोघांनी स्कूटरवर जाण्याचा सल्ला मी देणार नाही. समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. स्कूटर पडली होती का, हे ब्रेकच्या दांड्यांची टोके, हँडलची टोके, आरशांच्या कडा आणि सायलेन्सरचे कव्हर सांगतात, कारण पडताना जमिनीला प्रथम हेच भाग लागतात. सरळ रस्त्यावर हळू चालवताना हँडल एका बाजूला ओढत असेल, तर स्कूटर परत द्यावी. दोन हेल्मेटचेही फोटो घ्यावेत. त्यांवरच्या ओरखड्यांसाठीही पैसे मागितले गेलेले मी पाहिले आहे.

पेट्रोलचा हिशेब

पेट्रोलच्या बाबतीत तीन पद्धती चालतात: टाकी फुल्ल घेऊन फुल्ल देणे, काटा जिथे होता तिथे आणून देणे, आणि जवळजवळ रिकामी घेऊन रिकामी देणे. तिसरी पद्धत वरवर साधी वाटते, पण टाकी नेमकी रिकामी करून कोणीच परत येत नाही, त्यामुळे उरलेले दोन-तीन लिटर मालकाकडे राहतात आणि सुरुवातीलाच पंप शोधत फिरावे लागते. दुसऱ्या पद्धतीचा दोष काट्यात आहे. बऱ्याच गाड्यांत काटा टाकीच्या वरच्या भागात सावकाश आणि खालच्या भागात झपाट्याने उतरतो. गाडी उतारावर उभी असली, तर टाकीतले पेट्रोल एका बाजूला जाऊन तो खोटा आकडा दाखवतो. जिथे काट्याऐवजी आठ पट्ट्या असतात, तिथे ३७ लिटरच्या टाकीत एक पट्टी म्हणजे साडेचार लिटरहून थोडे जास्त. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले, तर एका पट्टीच्या वादात ४८० रुपयांच्या आसपास रक्कम अडकते.

म्हणून फुल्ल ते फुल्ल हीच पद्धत आग्रहाने ठरवावी. मालकाच्या जागेपासून जवळचा पंप निश्चित करावा, मालकाला किंवा त्याच्या माणसाला बरोबर घेऊन तिथे जावे आणि नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबावे. त्यापुढे ‘अजून थोडे’ म्हणून भरलेले पेट्रोल मोजता येत नाही. पावती, किलोमीटरचा आकडा आणि काटा एकाच फोटोत घ्यावा. या वेळचे पैसे मालकाने द्यायचे असतात. तो तयार नसेल, तर तुम्ही द्या आणि तेवढी रक्कम भाड्यातून वजा झाल्याचे करारनाम्यावर लिहून घ्या. परतीच्या दिवशी त्याच पंपावर, त्याच पहिल्या बंद होण्यापर्यंत भरावे. आमच्या ७८० किलोमीटरना एकूण सुमारे ४९ लिटर लागले, म्हणजे लिटरला १६ किलोमीटर. एसी चालू ठेवून आणि गावातल्या गर्दीतून फिरून ते योग्यच होते. हा आकडा ११-१२ वर आला असता, तर गाडीत किंवा पंपावर काहीतरी गडबड आहे असे समजायला हरकत नव्हती.

गाडी डिझेलची आहे की पेट्रोलची, हे टाकीच्या झाकणावर वाचून मगच पंपावर सांगावे. स्वतःच्या गाडीची सवय तोंडात असते. चुकीचे इंधन पडलेच, तर किल्ली अजिबात न फिरवता गाडी ढकलून बाजूला घ्यावी, कारण इंजिन सुरू झाले नाही तर टाकी रिकामी करून निभावते.

आठवड्याची आखणी

पहिल्या दिवशी जवळचेच ठिकाण ठेवावे. आम्ही दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ असे ७० किलोमीटर केले. गाडीतला दोष पहिल्या दिवशीच बाहेर येतो आणि त्या वेळी तुम्ही मालकापासून ३० किलोमीटरवर असता, अजिंठ्याच्या वाटेवर नसता. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हे लक्षात ठेवून लांबचे दिवस आठवड्याच्या मध्यावर घ्यावेत. अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूर टी-पॉइंटजवळच्या वाहनतळावर ठेवून पुढे बसने जावे लागते, म्हणजे गाडी चार-पाच तास गर्दीत उभी राहते. भाड्याच्या गाडीला बहुतेक ओरखडे चालताना नव्हे, तर अशा वाहनतळांवरच पडतात. शक्यतो कडेची जागा घ्यावी आणि वाहनतळाची पावती जपून ठेवावी.

धक्का लागलाच, तर स्वतःच्या पैशांनी गुपचूप दुरुस्ती करू नये. जखमी कोणी असेल तर आधी त्याची व्यवस्था करून ११२ वर कळवावे, फोटो घ्यावेत आणि मालकाला लगेच फोन करावा. विम्याचा दावा करायचा झाल्यास विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने नुकसान पाहावे लागते आणि आधीच दुरुस्त केलेल्या गाडीवर त्याला काही दिसत नाही.

परत देताना

गाडी दिवसाउजेडी परत करावी आणि आलो होतो त्याच क्रमाने, त्याच बाजूने मालकासह पुन्हा चक्कर मारावी. आमच्या वेळी पुढच्या आरशावर एक नवी खूण दिसल्यासारखे वाटले. पहिल्या दिवसाचे चित्रीकरण उघडले, तर तीच खूण त्यात होती आणि विषय दोन मिनिटांत संपला.

उरतो तो चलनांचा प्रश्न. कॅमेऱ्याने पकडलेले चलन मालकाच्या नावावर निघते, ते काही दिवस उशिराही दिसते, म्हणून मालक पूर्ण अनामत रोखू पाहतो. त्याची भीती खरी आहे, पण त्यासाठी १०,००० रुपये अडवण्याची गरज नाही. आम्ही ९,००० रुपये तिथेच परत घेतले आणि १,००० रुपये पंधरा दिवसांसाठी ठेवू दिले. गाडी परत केल्याची वेळ, सायंकाळी ५.४०, करारनाम्यावर लिहून घेतली. चलने mahatrafficechallan.gov.in या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चेसिसचे शेवटचे चार अंक टाकून स्वतःलाही पाहता येतात.

बाराव्या दिवशी मालकाचा संदेश आला: तुमच्या पहिल्या दिवसाचे वेगमर्यादेचे चलन आले आहे. तारीख आमचीच होती. मी चलन उघडून पाहिले, तर त्यावरची वेळ सकाळी ८.०५ होती आणि गाडी आमच्या ताब्यात आली होती १०.२० ला. करारनाम्याच्या त्या कोपऱ्याचा फोटो पाठवल्यावर त्याच संध्याकाळी १,००० रुपये खात्यात जमा झाले.